निर्णय हवा, गुरुवारपर्यंत

पुण्यातल्या एका सॉफ्टवेअर टीमचं काम ९ दिवस अडलं होतं. टेस्ट सर्व्हरची परवानगी शेजारचा विभाग देत नव्हता. टीम लीडने उपाध्यक्षबाईंसाठी लिहिलेल्या ईमेलच्या पहिल्या मसुद्यात नुसती गाऱ्हाणी होती. लिफ्टमध्ये मोबाइलवर ती वाचून बाईंनी करायचं काय?

दुसऱ्या मसुद्यात विषयाची ओळच बोलली: ‘निर्णय हवा, गुरुवार ५ वाजेपर्यंत: टेस्ट सर्व्हर’. खाली परिणाम: चाचणीला १० दिवस लागतात, गुरुवार हुकला की १५ तारखेचं लाँच रोज एकेक दिवस पुढे सरकेल. मग दोनच पर्याय, परवानगी मिळवून द्या किंवा तारीख बदला. टीमची शिफारस पहिल्याची.

पाठवण्याआधी शेजारच्या मॅनेजरला फोनही गेला. सीसीत आपलं नाव अचानक दिसलं की माणूस बिथरतो.