उताऱ्यात होतं, तरीही चुकलं

'सर, हे वाक्य तर उताऱ्यातच आहे. मग उत्तर चूक कसं?' राज्यसेवा पूर्वपरीक्षेच्या सीसॅटची तयारी करणारी मुलं हा प्रश्न हमखास विचारतात. या पेपरात प्रत्येक प्रश्न अडीच गुणांचा असतो, चुकीच्या उत्तराचे गुणही कापले जातात. त्यामुळे त्यांची तळमळ खरी असते.

सरावासाठी मी एक छोटा उतारा देतो:

'हिवरे बाजारने डोंगरावर चर खणले, बंधारे बांधले आणि विहिरींचं पाणी वाढलं. पण गाव तेवढ्यावर थांबलं नाही. शेतीसाठी बोअरवेल घ्यायची नाही, जास्त पाणी पिणारी पिकं टाळायची, असं ठरलं. दरवर्षी पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद मांडला जातो आणि त्यावर पिकं ठरतात.'

मध्यवर्ती कल्पना कोणती? पर्याय असे:

(१) चर आणि बंधाऱ्यांमुळे हिवरे बाजारचं पाणी वाढलं.
(२) लोकसहभागातून देशातला दुष्काळ संपवता येतो.
(३) हिवरे बाजारने पाणी अडवलं आणि त्याचा वापरही गावाने मिळून ठरवला.
(४) ऊस हेच दुष्काळाचं मूळ आहे.

चौथा पर्याय लगेच बाद होतो, कारण उताऱ्यात उसाचा उल्लेखच नाही. दुसऱ्यात एका गावावरून थेट देशावर उडी आहे. पण पहिल्यावर बरीच मुलं खूण करतात. तो खोटा नाही. 'चर', 'बंधारे' हे शब्द उताऱ्यात जसेच्या तसे सापडतात, आणि ते सापडले की मन निर्धास्त होतं. चूक होते ती इथेच. उताऱ्यात काय आहे, हे आपण तपासतो. प्रश्न मात्र विचारतो की सगळा उतारा कशासाठी लिहिला आहे.

पर्याय अपुरा आहे का, हे ओळखायला पेन्सिल पुरते. पर्यायात जे आलं आहे, ते उताऱ्यात खोडा आणि काय उरतं ते पाहा. पहिल्या पर्यायासाठी फक्त पहिलं वाक्य खोडलं जातं. बोअरवेल, पिकं आणि ताळेबंद, म्हणजे तीन वाक्यं, तशीच राहतात. शिवाय 'पण' या शब्दाने लेखकाने वळण घेतलं आहे. त्याला सांगायचं आहे ते बरंचसं त्या वळणानंतर आहे. तिसऱ्या पर्यायात पाणी अडवणंही येतं आणि वापराचे नियमही येतात, म्हणून काहीच उरत नाही.

हा नियम सरसकट लावू नका. 'उताऱ्यानुसार कोणतं विधान बरोबर?' असं विचारलं असतं, तर पहिल्याच पर्यायाला पूर्ण गुण मिळाले असते. एकाच वाक्यावर उभं असलेलं खरं विधान तिथे चालतं. म्हणून पर्यायांकडे वळण्याआधी प्रश्नातला 'मध्यवर्ती' हा शब्द अधोरेखित करा आणि उताऱ्याचं सार स्वतःच्या एका वाक्यात समासात लिहा. त्या वाक्याशी ताडून पाहिलं की पहिल्या पर्यायाचा अपुरेपणा लगेच लक्षात येतो.