वह्या आणि विवरणपत्रे: जीएसटीचा वार्षिक ताळमेळ

जीएसटीचे वार्षिक विवरणपत्र म्हणजे जीएसटीआर-९. वर्षभर भरलेल्या जीएसटीआर-१ आणि ३बी या विवरणपत्रांची ती एकत्रित बेरीज असते. आर्थिक वर्ष संपल्यानंतर येणारी ३१ डिसेंबर ही तिची अंतिम तारीख. २०२४-२५ पासून २ कोटी रुपयांपर्यंत उलाढाल असलेल्यांना हे विवरणपत्र माफ आहे. उलाढाल ५ कोटींच्या वर गेली, की जीएसटीआर-९सी हे ताळमेळपत्रही जोडावे लागते. पूर्वी त्यावर सनदी लेखापालाचे किंवा कॉस्ट अकाउंटंटचे प्रमाणपत्र लागत असे. २०२०-२१ पासून व्यावसायिक स्वतःच ते प्रमाणित करतो. हिशेबाच्या वह्यांतील आकडा आणि विवरणपत्रांतील आकडा वेगळा का, याचे कारणासह उत्तर या ताळमेळपत्रात द्यायचे असते.

समजा, सांगलीतील एका हार्डवेअर व्यापाऱ्याच्या नफा-तोटा पत्रकात २०२४-२५ ची विक्री ६ कोटी १० लाख दिसते, तर जीएसटीआर-९ मध्ये उलाढाल ६ कोटी १५ लाख येते. हा ५ लाखांचा फरक कर चुकल्यामुळे पडलेला नाही. व्यापाऱ्याने पत्रा कापण्याचे जुने यंत्र ३ लाखांना विकले आणि बिलावर कर लावला. जीएसटीच्या दृष्टीने ती विक्रीच. वह्यांत मात्र ती रक्कम विक्री खात्यात न जाता यंत्रसामग्रीच्या खात्यातून वजा झाली. उरलेले २ लाख म्हणजे वर्षअखेरीस गिऱ्हाइकांना दिलेली सूट. ती आधी ठरलेली नव्हती, म्हणून तिच्या क्रेडिट नोटांवर कर कमी करता येत नाही. वह्यांत विक्री घटली, विवरणपत्रात घटली नाही. ताळमेळपत्रात या दोन्ही रकमा आपापल्या रकान्यात दाखवल्या, की तफावत शून्यावर येते. याउलट, वह्यांतील विक्री जास्त असेल आणि कारण सापडत नसेल, तर एखादे बिल जीएसटीआर-१ मधून सुटले आहे का, हे महिनावार जुळवून पाहावे लागते.

उलाढालीपेक्षा इनपुट क्रेडिटची जुळणी अवघड असते, कारण त्यातला अर्धा कागद पुरवठादाराच्या हातात असतो. जीएसटीआर-९ च्या आठव्या तक्त्यात पहिला आकडा जीएसटीआर-२बी मधून आपोआप येतो. या व्यापाऱ्याच्या बाबतीत तो ९७ लाख आहे. त्याने वर्षभरात ३बी मध्ये घेतलेले त्याच वर्षाच्या बिलांचे क्रेडिट ९६ लाख २० हजार. राहिलेल्या ८० हजारांपैकी ५० हजार मार्चच्या एका बिलाचे आहेत: माल एप्रिलमध्ये पोहोचला, क्रेडिटही तेव्हाच घेतले. ते पुढील वर्षी घेतलेले क्रेडिट म्हणून वेगळ्या ओळीत जाते. उरलेल्या ३० हजारांचे बिल कप्प्यातच राहिले, वह्यांत चढलेच नाही. मागील वर्षाचे क्रेडिट घेण्याची मुदत ३० नोव्हेंबरला किंवा त्याआधी वार्षिक विवरणपत्र भरले तर त्या दिवशी संपते आणि जीएसटीआर-९ मधून नवे क्रेडिट घेता येत नाही. म्हणून हे ३० हजार ‘उपलब्ध पण न घेतलेले’ म्हणून बुडतात. २बीची जुळणी डिसेंबरपर्यंत न ठेवता नोव्हेंबरपूर्वी करायची, ती यासाठीच.

या तक्त्यातील फरक वजा चिन्हात आला, तर ती धोक्याची खूण. म्हणजे २बी मध्ये दिसते त्याहून जास्त क्रेडिट घेतले गेले. पुरवठादाराने बिल चढवले नाही किंवा ते बिगर-नोंदणीकृत गिऱ्हाइकाच्या नावे दाखवले, की असे होते. १ जानेवारी २०२२ पासून पुरवठादाराने न दाखवलेल्या बिलाचे क्रेडिट घेता येत नाही. कधी कधी कारण निरुपद्रवीही असते: एप्रिल २०२४ मध्ये घेतलेले क्रेडिट मार्च २०२४ च्या बिलांचे असते. २०२४-२५ च्या नमुन्यात अशा मागील वर्षाच्या क्रेडिटसाठी स्वतंत्र ओळ दिली आहे. ती रिकामी ठेवली, तर खोटी तफावत दिसते.

खरोखरच कर कमी भरला गेला असेल किंवा क्रेडिट जास्त घेऊन वापरले असेल, तर ती रक्कम १८ टक्के व्याजासह डीआरसी-०३ या फॉर्मने भरतात. हे विवरणपत्र दाखल करण्याआधी उरकावे, कारण जीएसटीआर-९ एकदा भरले की दुरुस्त करता येत नाही. उशीर झाला, तर ५ ते २० कोटी उलाढालीच्या व्यावसायिकाला दिवसाला १०० रुपये विलंब शुल्क लागते. कमाल मर्यादा उलाढालीच्या ०.०४ टक्के, म्हणजे या व्यापाऱ्यासाठी २४,६०० रुपये. ९सी लागू असेल, तर केवळ जीएसटीआर-९ वेळेत भरून भागत नाही. दोन्ही दाखल होईपर्यंत शुल्क चालूच राहते.