टेकलेल्या ठोकळ्याचा अर्धा सेकंद

वरून पडणारे ठोकळे फिरवून, सरकवून ओळी भरायचा खेळ कुणाला समजावून सांगावा लागत नाही. 1984 साली मॉस्कोतल्या सोव्हिएत विज्ञान अकादमीच्या संगणक केंद्रात अलेक्सी पाजित्नोव यांनी टेट्रिस बनवला, आणि नव्वदच्या दशकात आपल्याकडच्या जत्रेतल्या दुकानांपासून रेल्वे स्टेशनबाहेरच्या फेरीवाल्यांपर्यंत तो ‘ब्रिक गेम’ म्हणून विकला गेला. चार चौकोनांचे सात ठोकळे, दहा रकाने, वीस ओळी. नियम इतके थोडे, की प्रोग्रॅमिंग शिकणारी बरीच मुलं पहिला खेळ म्हणून हाच लिहायला घेतात. दोन-तीन दिवसांत ठोकळे पडायला लागतात, ओळी नाहीशा व्हायला लागतात, आणि तरीही हाताला खेळ कसा तरीच लागतो. हा फरक बहुतेक वेळा तीन निर्णयांत असतो: ठोकळा अडचणीत कसा फिरतो, खाली टेकल्यावर किती वेळाने पक्का होतो, आणि पुढचा ठोकळा कोणता हे कसं ठरतं. हे तिन्ही निर्णय वेगवेगळे घेतले, तर ते हमखास एकमेकांच्या पायात येतात.

सुरुवात फिरवण्यापासून करू. मोकळ्या जागेत ठोकळा फिरवणं सोपं आहे. प्रश्न येतो तो भिंतीशी. इंग्रजी टी अक्षरासारखा ठोकळा डाव्या भिंतीला चिकटून उभा आहे, त्याचं टोक उजवीकडे आहे. तो घड्याळाच्या दिशेने फिरवला, तर त्याचं एक घर भिंतीच्या आत जाईल. मग काय करायचं? 1989 मध्ये निन्टेन्डोने आपल्या घरगुती यंत्रावर आणलेल्या टेट्रिसचं उत्तर सरळ होतं: जागा नाही, फिरणार नाही. खेळाडूने बटण दाबलं आणि पडद्यावर काहीच झालं नाही.

दुसरं उत्तर म्हणजे ठोकळ्याला थोडं बाजूला ढकलून बघायचं. खेळाडू याला ‘वॉल किक’ म्हणतात. टेट्रिसचे हक्क सांभाळणाऱ्या टेट्रिस कंपनीने परवानाधारक खेळांसाठी जी एकसारखी पद्धत ठरवली, ती 2001 च्या ‘टेट्रिस वर्ल्ड्स’ या खेळापासून दिसते. तिचं नाव ‘सुपर रोटेशन सिस्टिम’, खेळाडूंच्या भाषेत एसआरएस. तीत प्रत्येक फिरवणीसाठी पाच जागा ठरलेल्या क्रमाने तपासतात. पहिली जागा म्हणजे जिथल्या तिथे. ती अडली तर दुसरी, मग तिसरी, आणि पाचही अडल्या तरच फिरवणं नाकारलं जातं. भिंतीला चिकटलेल्या आपल्या टीचं दुसऱ्याच प्रयत्नात काम होतं: तो एक घर उजवीकडे सरकतो आणि फिरतो. खेळाडूला वाटतं, यंत्राला माझ्या मनातलं कळलं.

पण या पाच जागांमध्ये काही जागा ठोकळ्याला वरही उचलतात, आणि इथे दुसऱ्या निर्णयाशी गाठ पडते. तोच टी आता रिकाम्या तळावर पसरलेला आहे, टोक वर. घड्याळाच्या दिशेने फिरवला तर त्याचं खालचं घर तळाच्या खाली जातं, म्हणून पहिली जागा बाद. एक घर डावीकडे? अडचण तळाची आहे, त्यामुळे तीही बाद. तिसरी जागा एक घर डावीकडे आणि एक घर वर अशी आहे. ती मोकळी असते, म्हणून ठोकळा तिथे उभा राहतो. आणखी तीनदा फिरवा. या तिन्ही वेळा तो जिथल्या तिथे फिरतो, आणि चौथ्या फिरवणीनंतर पुन्हा टोक वर करून आडवा होतो. फक्त आता तो तळापासून एक ओळ वर तरंगतो आहे. तो खाली पडतो, आणि तुम्ही परत फिरवू शकता.

ठोकळा टेकल्या क्षणी पक्का झाला, तर हे सगळं करायला वेळच मिळत नाही. म्हणून टेकल्यावर थोडी मुदत देतात, तिला ‘लॉक डिले’ म्हणतात. बहुतेक आधुनिक खेळांत ती अर्धा सेकंद असते, म्हणजे सेकंदाला 60 चित्रं दाखवणाऱ्या यंत्रावर 30 फ्रेम. आता प्रश्न असा की ही मुदत पुन्हा नव्याने कधी सुरू करायची? खेळाडू ठोकळा सरकवतो आहे, फिरवतो आहे, म्हणजे त्याचा विचार चालू आहे, म्हणून प्रत्येक हालचालीला नवी मुदत द्यावी, असं सहज वाटतं. ‘टेट्रिस वर्ल्ड्स’मध्ये तेच केलं होतं. परिणाम काय झाला, हे वरच्या टीने सांगितलंच आहे: बटण दाबत राहा, ठोकळा तळावर गिरक्या घेत राहील आणि कधीच पक्का होणार नाही. खेळ कितीही वेगात गेला तरी खेळाडू हवा तितका वेळ विचार करू शकतो. वेग वाढवण्याला काही अर्थच उरत नाही. यावर खेळाडूंनी टीका केली, आणि ती योग्य होती.

यावरचे दोन तोडगे मला पटतात. पहिला जुना आहे: ठोकळा खालच्या ओळीत गेला तरच मुदत नव्याने सुरू होते, सरकवण्या-फिरवण्याने नाही. जपानी आर्केडमधल्या खेळांनी हा मार्ग घेतला. 1998 च्या ‘टेट्रिस द ग्रँड मास्टर’मध्ये हाच नियम आहे, आणि तो तिथे चोख चालतो, कारण त्या खेळातली फिरवण्याची पद्धत ठोकळ्याला वर उचलतच नाही. एसआरएससोबत हाच नियम जसाच्या तसा लावला, तर वर उचललेला ठोकळा परत खाली पडतो, ते ‘खालच्या ओळीत जाणं’ ठरतं आणि गिरक्या पुन्हा सुरू होतात.

दुसरा तोडगा एसआरएससाठीच बनलेला आहे. हालचालींना नवी मुदत मिळते, पण एकूण पंधरा वेळा. पंधरा संपल्यावर ठोकळा टेकलेला असेल तर तत्काळ पक्का होतो. इथे नवशिके हमखास अडखळतात. पंधराची मोजणी परत शून्यावर कधी आणायची? ठोकळा खाली सरकला की लगेच, असं लिहिलं तर गिरक्या घेणारा टी दर फेरीला एक ओळ वर जातो, एक ओळ खाली येतो आणि मोजणी शून्यावर आणतो. म्हणून त्या ठोकळ्याने आतापर्यंत गाठलेली सर्वांत खालची ओळ लक्षात ठेवावी लागते, आणि त्याहून खाली गेला तरच मोजणी पुसायची. तपासणी सोपी आहे. रिकाम्या पटावर टी तळाला टेकवा आणि फिरवण्याचं बटण भराभर दाबत राहा. दर फेरीत तो एक घर डावीकडे चालत जाताना दिसेल आणि चौथी फेरी पूर्ण व्हायच्या आत पक्का झाला पाहिजे. नाही झाला, तर मोजणी चुकीच्या जागी पुसली जाते आहे. चौकोनी ठोकळ्यावरही हेच करून पाहा. फिरवल्याने त्याच्यात काहीच बदलत नाही, पण प्रोग्रॅम ते यशस्वी फिरवणं मानून मुदत देत असतो.

मुदतीचं मोल वेगात कळतं. निन्टेन्डोच्या त्या जुन्या खेळात अशी वेगळी मुदत नाही. ठोकळ्याची खाली जायची पाळी आली आणि खाली जागा नसली की तो पक्का. एकोणतिसाव्या पातळीला ठोकळा दर फ्रेमला एक ओळ पडतो, म्हणजे वीस ओळी एक तृतीयांश सेकंदात. बटण दाबून धरलं तर ठोकळा आधी थोडा थांबून मग सेकंदाला दहा रकाने सरकतो, त्यामुळे तो कडेला पोचतच नाही. या पातळीला खेळाडू कितीतरी वर्षं खेळाचा शेवट मानत होते, आणि पुढे बटण वेगळ्या तंत्राने दाबायला शिकूनच ती ओलांडता आली. ‘ग्रँड मास्टर’मध्ये मात्र वेग असा वाढतो की ठोकळा दिसतो तोच तळाशी. पडणं डोळ्यांना दिसतही नाही. तरी खेळ खेळता येतो, कारण टेकल्यानंतरचा अर्धा सेकंद हातात असतो आणि सगळी कसरत त्यात होते.

तिसरा निर्णय ठोकळ्यांच्या क्रमाचा. दर वेळी सातांतून एक निव्वळ नशिबाने काढला, तर ते न्याय्य वाटतं, पण खेळताना छळतं. चार ओळी एकदम भरणारा उभा लांब ठोकळा सलग बारा ठोकळ्यांत एकदाही न येण्याची शक्यता सुमारे सोळा टक्के आहे, आणि सलग तिसांत न येण्याची सुमारे एक टक्का. मोठ्या खेळात शेकडो ठोकळे पडतात, तेव्हा असा दुष्काळ येणारच. गणित याहूनही कठोर आहे. हायडी बर्गिएल यांनी 1997 मध्ये दाखवलं की एस आणि झेड आकाराचे ठोकळेच आलटूनपालटून येत राहिले, तर कितीही चांगला खेळाडू सत्तर हजार ठोकळ्यांच्या आत हरतो. निव्वळ नशिबावर चालणाऱ्या खेळात अशी रांग कधी ना कधी लागणार हे निश्चित आहे.

यावर ‘बॅग’चा उपाय आहे. हौजीत निघालेला आकडा डबा रिकामा होईपर्यंत परत येत नाही, तसंच इथे. सातही ठोकळे पिशवीत टाकून ढवळायचे, एकेक काढायचा, संपले की नवी पिशवी. मग दोन लांब ठोकळ्यांमध्ये जास्तीत जास्त बारा दुसरे ठोकळे येऊ शकतात: एका पिशवीत तो पहिला निघाला आणि पुढच्या पिशवीत शेवटचा, तेव्हा. एस-झेड सलग चारच्या वर येत नाहीत. ढवळणं मात्र नीट हवं:

```
for (let i = 6; i > 0; i--) {
  const j = Math.floor(Math.random() * (i + 1));
  [bag[i], bag[j]] = [bag[j], bag[i]];
}
```

यातला `i + 1` काढून प्रत्येक पायरीला `7` लिहिलं, आणि सातही जागांवर तसं केलं, तरी खेळ चालतो आणि चूक दिसत नाही. पण तेव्हा अदलाबदलीच्या 8,23,543 वाटा होतात आणि सात ठोकळ्यांचे क्रम आहेत 5040. पहिल्या संख्येला दुसरीने निःशेष भाग जात नाही. म्हणजे काही क्रम इतरांपेक्षा जास्त वेळा येणारच.

‘ग्रँड मास्टर’ची पद्धत वेगळी आहे. शेवटचे चार ठोकळे लक्षात ठेवायचे, नवा त्यांच्यापैकी निघाला तर पुन्हा काढायचा, असे चार प्रयत्न करायचे. शिवाय पहिला ठोकळा एस, झेड किंवा चौकोन नसतो. एस आणि झेड सपाट तळावर ठेवले की खाली भोक राहतंच. बॅगमध्ये ही काळजी आपोआप घेतली जात नाही. सातांत दोन वेळा खेळाची सुरुवात त्यांच्यापैकी एकाने होते. बॅग वापरणाऱ्याने पहिल्या पिशवीपुरती ही अट घालावी, असं माझं मत आहे.

तिन्ही निर्णय एकत्र कुठे येतात, ते ‘टी-स्पिन’मध्ये दिसतं. खेळाडू मुद्दाम छज्जा असलेली खाच बांधतो, टी तिच्या तोंडाशी टेकवतो आणि छज्ज्याखाली फिरवून आत बसवतो. आधुनिक खेळांत याला जादा गुण मिळतात. यासाठी अडचणीतही जागा शोधणारी फिरवणी लागते, टेकल्यानंतर वेळ लागतो, आणि खाच बांधायच्या आधीच टी येणार याची खात्री लागते. बॅगमध्ये दर सात ठोकळ्यांत एक टी येतो, म्हणून चांगले खेळाडू पहिल्या सात ठोकळ्यांची मांडणी पाठ करून बसतात. क्रम ‘ग्रँड मास्टर’सारखा ठेवला, तर टी अंदाजाने येतो, खात्रीने नाही. तेव्हा खाच उघडी ठेवणं जोखमीचं होतं आणि टी-स्पिनला जादा गुण द्यायचे की नाहीत, हेही नव्याने ठरवावं लागतं.