मुळाची कोंडी: बायसेक्शन मेथड आणि त्रुटीची हद्द

x³ − 2x − 5 = 0 हे समीकरण न्यूटनने 1669 मध्ये आपली पद्धत दाखवण्यासाठी घेतले होते. आपण ते बायसेक्शनने, हाताने सोडवू. मूळ हळूहळू सापडेल, पण प्रत्येक फेरीला आपण त्याच्यापासून जास्तीत जास्त किती दूर आहोत हे खात्रीने सांगता येईल.

f(x) = x³ − 2x − 5 घ्या. f(2) = −1 आणि f(3) = 16. एका टोकाला ऋण, दुसऱ्या टोकाला धन आणि मध्ये आलेख कुठे तुटलेला नाही. म्हणजे 2 ते 3 मध्ये तो कुठेतरी X-अक्ष ओलांडणारच. आलेख सलग असण्याची अट वरवरची नाही. tan x चे चिन्हही 1 आणि 2 या टोकांना वेगवेगळे असते, पण त्या पट्ट्यात मूळ नाही. तिथे फंक्शन π/2 पाशी तुटते. निव्वळ चिन्हे पाहत निम्मे करत गेलात तर 1.5708 च्या आसपास पोहोचाल आणि f ची किंमत शून्याकडे जाण्याऐवजी फुगत जाईल.

आता मध्यबिंदू 2.5. f(2.5) = 5.625, धन. चिन्हाचा बदल 2 आणि 2.5 यांच्यात झाला, म्हणून उजवा अर्धा भाग सोडून द्यायचा. पुढचा मध्यबिंदू 2.25, तिथेही f धन, म्हणून उरले 2 ते 2.25. इथून पुढचे काम वहीत असे दिसते:

| फेरी | मध्यबिंदू | f चे चिन्ह | त्रुटीची हद्द |
|---|---|---|---|
| 3 | 2.125 | + | 0.125 |
| 4 | 2.0625 | − | 0.0625 |
| 5 | 2.09375 | − | 0.03125 |
| 6 | 2.109375 | + | 0.015625 |
| 7 | 2.1015625 | + | 0.0078125 |
| 8 | 2.09765625 | + | 0.00390625 |

शेवटचा रकाना कुठून आला? मूळ अंतरालाच्या आतच आहे, म्हणून मध्यबिंदूपासून ते अंतरालाच्या निम्म्या लांबीपेक्षा दूर असू शकत नाही. सुरुवातीची लांबी b − a असेल, तर n व्या मध्यबिंदूची त्रुटी (b − a)/2ⁿ च्या आतच राहते. हे सूत्र f कसे आहे हे विचारतच नाही. त्यामुळे फेऱ्या आधीच मोजता येतात: त्रुटी 0.005 च्या आत हवी तर 2ⁿ किमान 200 हवे. 2⁷ = 128 पुरत नाही, 2⁸ = 256 पुरते. म्हणून आठ फेऱ्या.

इथे एक गोष्ट नीट पाहा. खरे मूळ 2.09455 आहे. पाचव्या फेरीतला 2.09375 त्यापासून फक्त 0.0008 दूर होता, तर सहाव्या फेरीतला 2.109375 जवळजवळ 0.015 दूर गेला. फेरी पुढे गेली आणि उत्तर बिघडले! हिशेबात काही चुकलेले नाही. दर फेरीला निम्मी होते ती हद्द, प्रत्यक्ष त्रुटी नव्हे. पाचव्या फेरीत आपण मुळाच्या अगदी जवळ होतो, पण ते ओळखायला तेव्हा हाताशी काही नव्हते. हमी होती ती 0.03125 चीच.

परीक्षेत यापेक्षा जास्त गुण जातात ते ‘दोन दशांशांपर्यंत अचूक’ या शब्दांवर. आठव्या फेरीनंतर त्रुटी 0.005 च्या आत आली, म्हणून 2.09765625 चे 2.10 करून मोकळे व्हावेसे वाटते. पण खरे मूळ दोन दशांशांत 2.09 आहे. कारण मूळ अजून 2.09375 आणि 2.09765625 यांच्यामध्ये कुठेही असू शकते, आणि 2.09 की 2.10 हे ठरवणारी सीमा, 2.095, नेमकी याच पट्ट्यात आहे. अशा वेळी निम्मे करत बसण्यापेक्षा सरळ सीमेवरच चिन्ह पाहावे. f(2.095) ≈ 0.005, म्हणजे धन. f(2.09375) ऋण होते. मूळ या दोहोंमध्ये अडकले, आणि त्यांच्यामधली प्रत्येक संख्या दोन दशांशांत 2.09 च होते.

हाताने करताना खरा घात होतो तो चिन्ह चुकल्यावर. पाचव्या फेरीत f(2.09375) ≈ −0.009, शून्याच्या इतके जवळ की आकडेमोड सोपी करायला कुणी 2.1 ठेवून पाहिले तर +0.061 येते. 2.1 हाच बिंदू वहीत मांडून पुढे गेले तर काहीच बिघडत नाही. पण वहीत 2.09375 लिहून त्यापुढे धन चिन्ह टाकले, तर उरतो 2.0625 ते 2.09375 हा अंतराल, आणि मूळ त्याच्या बाहेर पडते. हद्दीचा रकाना मात्र काहीच झाले नसल्यासारखा निम्मा होत राहतो.

हे ओळखायची खूण म्हणजे एक टोक जागचे हलत नाही आणि पुढचा प्रत्येक मध्यबिंदू त्याच्याकडेच सरकतो. अर्थात मूळ टोकाला चिकटून असले तर बरोबर हिशेबातही हेच दिसते: वरच्या तक्त्यात सहाव्या फेरीपासून 2.09375 हे टोक हललेले नाही. म्हणून तीन-चार फेऱ्या एकच चिन्ह आले की त्या न हललेल्या टोकाशी f ची किंमत सगळे दशांश ठेवून पुन्हा काढावी.