बटाट्याची भाजी कोणत्या रकान्यात?

इथे नेदरलँड्समध्ये शाळेत शिकवतात तो आहाराचा तक्ता म्हणजे ‘स्खैफ फान फैफ’, पाच भागांची चकती. ती पहिल्यांदा १९५३ मध्ये आली. एका भागात भाज्या-फळं, दुसऱ्यात तेलं, तिसऱ्यात दूध, डाळी, दाणे, अंडी, मासे आणि मांस, चौथ्यात धान्यं आणि बटाटे, पाचव्यात पाणी-चहा.

माझी लेक ‘ख्रूप फीर’मध्ये आहे, म्हणजे आपली दुसरी. चित्रं कापून योग्य रकान्यात चिकटवायची वर्कशीट झाल्यावर ती म्हणाली, “बाबा, आता आपलं ताट करूया.”

ताटात वरण-भात, पोळी आणि बटाट्याची भाजी. भात, पोळी धान्यात गेले. वरण गेलं मांस-अंड्यांच्या शेजारी, कारण डाळीतून प्रथिनं मिळतात. बटाट्याचं चित्र तिने भाज्यांकडे नेलं. आपण त्याला भाजीच म्हणतो ना! पण बटाट्यात मुख्यतः स्टार्च, म्हणून तो पोळीच्याच रकान्यात. म्हणजे चारपैकी तीन पदार्थ एकाच जागी, आणि भाज्या-फळांचा रकाना रिकामा! काकडीची कोशिंबीर वाढली की तो भरतो.

खिचडी मात्र कुठल्याच एका रकान्यात बसेना. तिथे पदार्थ सोडून जिन्नस लावायचे: तांदूळ इकडे, मूगडाळ तिकडे. मुलांसोबत हे करताना पदार्थाचं नाव बाजूला ठेवा आणि “यात काय काय घातलंय?” एवढंच विचारा.