हॉकीतला 'डी' आणि पेनल्टी कॉर्नर

मैत्रिणींनो, आपल्या पिंपळे गुरवहून जवळच, नेहरूनगरच्या मेजर ध्यानचंद मैदानावर २०२४ साली महिलांची राष्ट्रीय हॉकी स्पर्धा झाली. तिथे गोलासमोर अर्धगोल आखलेला आहे, तो 'डी'. हल्ला करणारीची स्टिक डीच्या आत चेंडूला लागली, तरच गोल धरतात. बाहेरून कितीही जोरात मारा, फुकट!

डीमध्ये बचाव करणारीच्या पायाने चेंडू अडला (गोलकीपरला मुभा असते), तर पेनल्टी कॉर्नर. गोलकीपरसह ५ जणी गोलरेषेमागे थांबतात, त्यांच्या संघातल्या बाकीच्या मध्यरेषेपलीकडे. खांबापासून १० मीटरवरून, त्याच रेषेवरून चेंडू ढकलतात. तो आधी डीबाहेर जायलाच हवा, मग आत आणून फटका. घाईत नेमकं हेच राहतं आणि झालेला गोल धरत नाहीत.

धसमुसळेपणाला कार्ड असतं. हिरवं मिळालं तर २ मिनिटं बाहेर, पिवळं किमान ५, लाल मिळालेलीचा सामना संपला. तिच्या जागी दुसरी येत नाही, उरलेल्या १० जणींनीच खेळायचं.