उताराने बॅटरी किती भरते?

मागच्या भागानंतर घाटमाथ्यावरच्या एका ताईंचा प्रश्न आला होता. त्या रोज विजेच्या स्कूटरवरून खाली बाजाराला येतात. ब्रेक लावला की बॅटरी भरते असं त्यांना दुकानात सांगितलं होतं. त्या भरवशावर अर्ध्या बॅटरीत निघाल्या आणि परतीच्या चढावर गाडी ढकलायची वेळ आली. मग बॅटरी भरते हे खोटं का? आम्ही ठरवलं, एका छोट्या गाडीवर मोजूनच बघू.

मोटरला वीज दिली की ती फिरते. तीच मोटर बाहेरून फिरवली की वीज तयार करते. त्या विजेला वाट करून दिली की मोटर जड फिरते आणि गाडी आवरली जाते. ब्रेक आणि वीज या एकाच गोष्टीच्या दोन बाजू आहेत.

शाळेच्या प्रकल्पांत वापरतात तशा दोन पिवळ्या गिअर-मोटरी चाकांना लावून आम्ही गाडी केली. वजन टाकून ती बरोबर १ किलोची केली. मोटरींच्या तारा एका डायोडमधून १ फॅरड, २.७ व्होल्टच्या सुपरकपॅसिटरला जोडल्या. कपॅसिटर म्हणजे वीज साठवणारी छोटी डबी. डायोड वीज एकाच दिशेला जाऊ देतो. तो नसेल तर गाडी मंदावल्यावर डबीतली वीज उलट मोटरीत जाऊन गाडीलाच ढकलू लागते.

मग दीड मीटरची फळी घेऊन तिचं वरचं टोक ५० सेंटिमीटर उंच ठेवलं. १ किलोची गाडी एवढी खाली येताना ४.९ जूल ऊर्जा देते. वजन, ९.८ आणि मीटरमधली उंची यांचा गुणाकार केला की हा आकडा येतो. ही आपली जमा.

पहिल्या फेरीत तारा सुट्या ठेवल्या, गाडी सुसाट खाली आली. दुसऱ्या फेरीत रिकामी डबी जोडली. गाडी संथ उतरली आणि मल्टिमीटरवर ०.४५ व्होल्ट दिसले. साठलेली ऊर्जा म्हणजे फॅरड गुणिले व्होल्टचा वर्ग, आणि त्याचं निम्मं. हिशेब आला ०.१० जूल, म्हणजे शंभरातले जेमतेम दोन.

तिसऱ्या फेरीआधी साध्या सेलवरून, मध्ये १० ओहमचा रोधक घालून, डबी १ व्होल्टपर्यंत भरली आणि सेल काढून टाकला. उतरल्यावर १.४० व्होल्ट झाले. आधी ०.५० जूल होते, नंतर ०.९८, मिळाले ०.४८, म्हणजे शंभरातले दहा. वीज साधारण तेवढीच आत गेली, मग ऊर्जा जास्त कशी? तीच घागर तळमजल्याऐवजी वरच्या मजल्यावर नेऊन ठेवल्यासारखं आहे. जास्त दाबाविरुद्ध ढकललेली वीज जास्त काम साठवते. पण डबीचा दाब मोटरीच्या दाबापेक्षा वर गेला, तर वीज आत जात नाही आणि ब्रेकही लागत नाही.

बाकीची ऊर्जा गिअरच्या घर्षणात, मोटरीच्या तारा तापण्यात आणि डायोडमध्ये गेली. थोडी खाली पोचलेल्या गाडीच्या वेगात उरली.

करून बघणार असाल तर दोन गोष्टी सांभाळा. गाडी जोरात आली आणि मीटर शून्यावरच राहिला, तर डायोड उलटा लागला आहे किंवा मोटरीच्या तारा उलट्या आहेत. आणि आकडा प्रत्येक फेरीनंतर दहा सेकंदांनीच वाचा, कारण भरल्यावर लगेच दाब थोडा उतरतो.

आता ताईंची स्कूटर. गाडी आणि स्वार मिळून १८० किलो आणि घाट २०० मीटर उंच धरला, तर उतरताना सुटणारी ऊर्जा होते सुमारे ०.१ युनिट. स्कूटरची यंत्रणा आमच्या खेळण्यापेक्षा कितीतरी चांगली असते. समजा तिने निम्मी परत मिळवली, तर ०.०५ युनिट. चढताना मात्र ०.१ युनिट तर लागतंच, वर घर्षण आणि मोटरीची गळती वेगळी. म्हणजे उताराची कमाई चढाचा निम्मा खर्चही भागवत नाही.

तेव्हा दुकानदार खोटं बोलला नव्हता, पण किती भरते ते त्याने सांगितलं नव्हतं. ताई, निघतानाच परतीच्या चढापुरती बॅटरी मोजून ठेवा. शंभर टक्के भरून घाटमाथ्यावरून निघालात, तर सुरुवातीला आत जागाच नसते आणि हा ब्रेक ढिला पडतो. अगदी कमी वेगातही तो लागत नाही. म्हणून हातातला नेहमीचा ब्रेक नीट आहे ना, हे उतरण्याआधी बघा.